टेपकाकांचा हुकलेला फोकस

टेपकाकांच्या पँटच्या उजव्या खिशात एक टेप असते. गाण्यांची नव्हे, मोजायची. स्टीलची, पिवळ्या रंगाची, पंचवीस फुटी. बटण दाबलं की सुर्रकन आत पळणारी. बाकीची माणसं घराबाहेर पडताना खिसे चाचपून किल्ल्या, रुमाल आणि फोन असल्याची खात्री करतात. काका आधी टेप चाचपतात आणि मग जमलंच तर किल्ल्या. त्यामुळे टेप आहे आणि किल्ल्या नाहीत अशा अवस्थेत ते स्वतःच्याच दारात कित्येकदा उभे राहिलेले आहेत. अशा वेळी ते दाराची उंची मोजून ठेवतात. वेळ वाया जायला नको.

काकांचा धंदा फोकसचा. सिनेमाच्या कॅमेऱ्याशेजारी एक माणूस उभा असतो. त्याचं तोंड नटाकडे असतं आणि हात भिंगाच्या कड्यावर. नट पुढे आला की कडं थोडं इकडे, मागे गेला की थोडं तिकडे. हे कडं जितकं अचूक फिरेल तितका नटाचा चेहरा लख्ख. चुकलं तर चेहरा धूसर, आणि त्याच्यामागचं पडद्याचं कापड मात्र धागा न् धागा मोजता येईल असं स्पष्ट. पंच्याऐंशी मिलिमीटरचं भिंग पूर्ण उघडं ठेवून सहा फुटांवरचा चेहरा टिपायचा असेल, तर लख्ख दिसणारा पट्टा दोन-तीन बोटं जाडीचा असतो. नटाने नुसता उसासा टाकला तरी डोळे त्यातून बाहेर जातात. म्हणून शॉटच्या आधी कॅमेऱ्यावरच्या खुणेपासून नटाच्या डोळ्यापर्यंत टेप लावायची. काकांनी ती इतक्या डोळ्यांना लावली आहे की समोरच्या माणसाचं नाव त्यांच्या लक्षात राहत नाही, अंतर राहतं.

"ते डॉक्टर हो, नाही का... पाच फूट दोन इंच!" असं ते म्हणतात, आणि काकू शांतपणे डॉक्टरांचं नाव सांगतात.

काकू शिवणकाम करतात. त्यांच्याही गळ्यात टेप असते, पण कापडी. दोघांची ओळखच तशी झाली. काका शर्ट शिवायला गेले होते. काकूंनी टेप उचलायच्या आतच हे म्हणाले, "खांदा साडेसतरा." काकूंनी मोजलं. अठरा भरला. "साडेसतरा तुमच्या मनाचा असेल," काकू म्हणाल्या, "खांदा अठरा आहे." आयुष्यात काकांचा अंदाज अर्ध्या इंचाने चुकवून दाखवणारी ही पहिली बाई. त्यांनी तिच्याशीच लग्न केलं.

काका ज्या स्टुडिओत नोकरीला होते तो एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. पाच खोल्या, एक लांब बोळ आणि एक लिफ्ट, जी तिसऱ्या मजल्यावर थांबताना दोन इंच वर थांबे. (काकांनी मोजलं होतं.) तिथे जाहिराती बनत. पूर्वी मोठ्या खोलीत दिवे लागत, रूळ पडत, माणसं ओरडत. मग हळूहळू रूळ पडायचे थांबले. आता शेजारच्या लहान खोलीत एक बाई संगणकासमोर बसून चार ओळी लिहीत आणि यंत्र त्या ओळींवरून चित्रफीत बनवून देई. नट नाही, दिवा नाही, भिंग नाही. काकांच्या मते हे म्हणजे चूल न पेटवता स्वयंपाक. पण ताटात पदार्थ पडत होता आणि लोक तो खात होते, त्याला काय करणार?

एका सोमवारी साहेबांनी काकांना बोलावलं. साहेब म्हणजे स्टुडिओचे मालक. ते वाईट बातमी सांगताना टेबलावरचा स्टेपलर उघडझाप करतात. त्या दिवशी स्टेपलर जोरात चालू होता.

"काका, महिनाअखेरीला कॅमेरा विभाग बंद करतोय."

"बरं," काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"तुम्हाला घालवायचं माझ्या जिवावर आलंय. एक मार्ग आहे. श्रवणयंत्राची जाहिरात आलीये. वीस सेकंद, चार शॉट. तुम्ही एडिटरबाईंबरोबर बसा. कॅमेरा कसा हलेल, भिंग कुठलं, ते सगळं तुम्ही शब्दांत सांगायचं आणि त्या यंत्राला घालतील. कंपनीच्या मॅडम शुक्रवारी बघणार. त्यांनी पसंत केलं तर त्या खोलीत तुमची खुर्ची कायमची."

"आणि नाही केलं तर?"

साहेबांनी उत्तरादाखल एक पिन रिकामीच मारली.

संध्याकाळी काकांनी हे घरी सांगितलं. काकू मशीनवर होत्या. पाय न थांबवता त्या म्हणाल्या, "म्हणजे शुक्रवारी नापास झालात तर दिवसभर घरी?"

"हो."

"माझ्यासमोर?"

"दुसरी खोली कुठाय आपल्याकडे?"

मशीन थांबलं. "मन लावून काम करा," काकू अतिशय गंभीरपणे म्हणाल्या.

लहान खोलीतल्या त्या एडिटरबाई चाळिशीच्या. चष्मा डोक्यावर आणि तो शोधत असायच्या टेबलाखाली. पंधरा वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी टिपलेले शॉट कापले आणि जोडले होते, त्यामुळे कॅमेरावाल्यांविषयी त्यांचं मत बरं नव्हतं. मंगळवारी सकाळी कॅमेरावाला स्वतःच खुर्ची ओढून शेजारी बसल्यावर त्या म्हणाल्या, "या काका. तुम्ही सांगा, मी यंत्राला समजेल अशा इंग्रजीत लिहिते. पहिला शॉट काय?"

पहिला शॉट असा: एक म्हातारे गृहस्थ खिडकीशी बसलेत, कॅमेरा हळूहळू त्यांच्याजवळ जातो.

काका उठून उभे राहिले. बसून त्यांना शॉट सांगता येईना. "लिहा. कॅमेरा ट्रॉलीवर. रूळ आठ फूट. भिंग पन्नास. सुरुवातीला फोकस सात फूट तीन इंच, शेवटी तीन फूट दोन इंच. ट्रॉली ढकलणाऱ्याने श्वास रोखून ढकलायची."

"श्वाससुद्धा लिहू?"

"त्याशिवाय झटका बसतो."

बाईंनी शब्दन् शब्द लिहिला. मिनिटभराने चित्र आलं. खिडकी होती. म्हातारे गृहस्थ होते. आणि दिवाणखान्याच्या मधोमध चकचकीत रूळ होते, रुळांवर ट्रॉली होती, ट्रॉलीवर कॅमेरा होता आणि कॅमेऱ्यामागे एक माणूस गाल फुगवून श्वास रोखून उभा होता.

एडिटरबाई इतक्या हसल्या की डोक्यावरचा चष्मा मांडीत पडला आणि त्यांना सापडला.

"अहो, हा तर हुबेहूब आमचा ट्रॉलीवाला!" काका थक्क होऊन म्हणाले. "पण याला मध्ये कशाला आणलं?"

"तुम्हीच आणलंत. काका, याच्याकडे कॅमेरा नाही. भिंगही नाही. याने काय पाहिलंय, तर कॅमेऱ्यांनी टिपलेल्या अगणित चित्रफिती आणि त्यांची लिहिलेली वर्णनं. तुम्ही वस्तूचं नाव घेतलंत की ती वस्तू चित्रात यायचा संभव. पन्नास मिलिमीटर म्हटलंत तर तशा भिंगाच्या चित्रांसारखं काहीतरी देईल, तेही अंदाजाने. सात फूट तीन इंच त्याला काय कळणार? ते कुठल्याही चित्राखाली लिहिलेलं नसतं."

काकांचा हात आपोआप खिशाकडे गेला. अंतर न कळणारा सहकारी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता. साहेबांना कळत नसे, पण साहेब कधी शॉटच्या जवळ येत नसत.

दुसऱ्यांदा त्यांनी सावधपणे सांगितलं. सामानाचं नाव नाही. पण तीस वर्षांची सेटवरची सवय तोंडातून गेली नाही. "म्हाताऱ्याने कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. मान हलवायची नाही. हसायचं नाही. मागे कुणी फिरायचं नाही."

चित्रात म्हातारेबुवा थेट कॅमेऱ्यात बघून मान डोलावत हसत होते आणि मागे दोघं जण फेऱ्या मारत होते.

"हा मुद्दाम करतोय!" काका म्हणाले.

"नाही हो. नको म्हटलेलं त्याला बऱ्याचदा कळत नाही. नाव घेतलेलं तेवढं ऐकू जातं. काय हवंय ते सांगा. म्हातारे खिडकीबाहेर बघतायत, स्वस्थ बसलेत, खोली रिकामी आहे. बस्स."

तिसऱ्यांदा काका इरेला पेटले. पाच सेकंदांच्या शॉटमध्ये त्यांनी कॅमेरा आधी वरून खाली आणला, मग डावीकडे वळवला, मग पुढे नेला, म्हाताऱ्याभोवती अर्धी चक्कर मारली आणि शेवटी छताला टेकवला. हे सगळं करून दाखवताना त्यांनी खोलीतला एक पंखा आणि दोन फायली पाडल्या. चित्रात खिडकी वितळून म्हाताऱ्यांच्या खांद्यावर आली, खुर्चीला पाचवा पाय फुटला, आणि म्हातारे स्वतः शेवटच्या सेकंदाला दुसरेच कुणीतरी झाले.

"एक शॉट, एक हालचाल," बाई म्हणाल्या. "कुठून निघाली, किती वेगाने, कुठे थांबली. एवढंच."

काकांनी मान खाली घातली. हेच वाक्य त्यांनी स्वतः उमेदीतल्या तीन दिग्दर्शकांना ऐकवलेलं होतं.

पण जेवणानंतर काकांची पाळी आली. बाईंनी संगणकावर आपल्या आधीच्या, यंत्राकडून करून घेतलेल्या जाहिराती दाखवायला काढल्या. काका पाहत राहिले. मग म्हणाले, "बाई, तुमचा प्रत्येक शॉट असा कागदावर छापल्यासारखा का वाटतो?"

"म्हणजे?"

"जवळ जायचं असेल तर काय लिहिता?"

"झूम इन."

काका उठले, बाईंना चाकाच्या खुर्चीसकट बोळात घेऊन गेले आणि एका टोकाला लावलं. "फोन काढा. त्या टोकाच्या पाण्याच्या पिंपावर झूम करा. काय दिसतं?"

"पिंप मोठं झालं."

"दारं?"

"तीही मोठी झाली."

"सगळं सारखंच मोठं झालं. म्हणजे तुम्ही जागच्या जागी बसून चित्र ताणलंत. आता फोन नुसता धरा." आणि सत्तावन्न वर्षांच्या काकांनी श्वास रोखून खुर्ची ढकलायला सुरुवात केली. दोन्ही बाजूंची दारं बाईंच्या कानांजवळून मागे सरकू लागली, जवळची भराभर, लांबची सावकाश, आणि पिंप संथपणे समोर येत राहिलं. साहेब नेमके त्याच वेळी आपल्या दारातून बाहेर आले आणि डावीकडून उजवीकडे अदृश्य झाले.

"अय्या!" एडिटरबाई म्हणाल्या. पंधरा वर्षं शॉट कापणाऱ्या बाईंच्या तोंडून हा उद्गार निघणं ही काही साधी गोष्ट नव्हे. "मी आत गेले की!"

"झूममध्ये चित्र तुमच्याकडे येतं. ढकलल्यावर तुम्ही चित्रात जाता. बाजूला काहीतरी जवळचं ठेवा, दाराची चौकट, दिव्याचा खांब, पडदा. ते सरकलं की माणसाला आपण हललो हे कळतं."

त्या दुपारी बाईंनी पहिल्या शॉटसाठी लिहिलं: दाराच्या चौकटीतून सुरुवात, दृश्य अगदी सावकाश, एकाच वेगाने पुढे सरकतं, चौकट दोन्ही बाजूंनी मागे निघून जाते, खिडकीशी म्हातारे गृहस्थ, कंबरेपासून वर दिसतील तिथे थांबतं. एका मजकुरावर यंत्र दर वेळी वेगळं चित्र देतं, म्हणून चारदा काढलं. तिसरं असं आलं की बाईंनी ते न सांगता पुन्हा लावलं.

"श्वास रोखलाय याने," काका शेवटी म्हणाले. यंत्राबद्दल एवढे चांगले शब्द त्यांनी पहिल्यांदाच काढले.

बुधवारपर्यंत तीन शॉट झाले. राहिला चौथा. जाहिरातीचा सगळा जीव त्यात होता. समोर टेबलावर श्रवणयंत्र, अगदी जवळ, लख्ख. मागे लांब दारात मुलगी, धूसर, बापाला हाक मारतेय. मग बापाचा हात येतो, यंत्र उचलतो आणि फोकस जवळून सुटून मुलीच्या चेहऱ्यावर जातो. काकांच्या धंद्याचा हा राजा शॉट. असे शॉट त्यांनी झोपेत केले असते.

लिहिताना मात्र घाम फुटला. नुसतं "फोकस बदलतो" लिहिलं की यंत्र सगळंच लख्ख दाखवी, नाहीतर सगळंच धुरकट. कॅमेराही थोडा पुढे न्यावा म्हटलं तर मुलगी दाराला चिकटे. शेवटी दोघांनी मिळून शिस्तीने, पाहणाऱ्याला जे जसं दिसेल त्याच क्रमाने लिहिलं. दृश्य स्थिर. लांब भिंगाने टिपल्यासारखं, मागचं अगदी धूसर. सुरुवातीला जवळच्या टेबलावर छोटं यंत्र स्पष्ट, लांब दारात मुलीचा फक्त रंगाचा डाग. दोन सेकंदांनी एक हात यंत्र उचलून नेतो. टेबल धूसर होतं, मुलीचा चेहरा स्पष्ट होतो आणि तसाच राहतो. नवव्या खेपेला हवं तसं आलं. काकांनी टेप काढून एकदा सुर्रकन ओढून सोडली. त्यांच्याकडे टाळ्या वाजवायची पद्धत ही अशी.

गुरुवारी सकाळी साहेबांनी उत्साहाच्या भरात चारही शॉट कंपनीच्या मॅडमना पाठवून दिले. तासाभराने मॅडमचा फोन आला. साहेबांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

"काम स्वच्छ आहे," मॅडम म्हणाल्या. "पहिले तीन आवडले. शेवटचा... कसं सांगू? दिव्याचं बटण दाबल्यासारखं वाटलं. माझ्या वडिलांना आम्ही पहिल्यांदा यंत्र लावलं, तेव्हा असं नव्हतं झालं."

"कसं झालं होतं?" साहेबांनी विचारलं.

"ते मला शब्दांत नाही सांगता येणार. उद्या चार वाजता येते. तोपर्यंत बघा काही जमलं तर. नाहीतर मग दुसऱ्या कुणाकडून करून घेईन म्हणते."

फोन बंद झाला. साहेबांनी स्टेपलरकडे हात नेला आणि कुणाकडेही न बघता सात पिना मारल्या.

त्या दिवशी त्या दोघांनी सोळा चित्रं काढली. फोकस भराभर, फोकस सावकाश, फोकस उशिरा, फोकस लवकर. सगळी निर्दोष, आणि सगळी बटण दाबल्यासारखी. पाच वाजता एडिटरबाई म्हणाल्या, "काका, घरी जा. तुमचा चेहराच फोकसबाहेर गेलाय."

घरी दार उघडंच होतं. काकू खिडकीपाशी सुई नाकासमोर धरून दोरा ओवत होत्या. जीभ थोडी बाहेर, एक डोळा मिटलेला. काका दारात उभे राहिले. अंतर अकरा फूट. त्यांनी मोजलं नाही, ते आपोआप मोजलं जातं.

"आलात?" काकूंनी वर पाहिलं. काकांवर नजर आली, त्यांच्यावरून थोडी मागे गेली, पुन्हा पुढे आली आणि मग स्थिर झाली. "थांबा हो, जरा दिसू द्या. सुईवरून एकदम उठलं की वय झाल्यासारखे दिसता." मग त्या एकदम हसल्या, कारण चेहरा नीट दिसला होता आणि त्यावरचं अपयशही दिसलं होतं. "काय झालं?"

ते दारातच राहिले. त्यांना एकदम तो अर्धा सेकंद आठवला होता.

त्या अर्ध्या सेकंदाची गोष्ट सांगायला हवी. काका तेव्हा तिशीचेही नव्हते आणि टेप फक्त कामापुरती वापरत. एका मोठ्या सिनेमातला एक शॉट होता. नायिका खुर्चीत बसून निरोप ऐकते. सांजेचा खरा उजेड, तो जाणार, म्हणून एकदाच टिपायचं. ठरलं होतं की तिने बसून राहायचं. पण तिला आतूनच काहीतरी झालं आणि ती फूटभर पुढे आली. काकांचा हात कड्यावर धावला, तिच्या डोळ्यांवरून पुढे गेला, परत आला, मग बसला. अर्धा सेकंद. सगळ्या युनिटसमोर तो शॉट पडद्यावर दाखवला तेव्हा दिग्दर्शकांनी फक्त विचारलं, "हा हात कुणाचा?" शॉट काढून टाकला. दुसऱ्या दिवशी काकांनी ही पंचवीस फुटी टेप विकत घेतली आणि ती आजतागायत खिशातून उतरलेली नाही. लोकांना वाटतं माणूस कामात पक्का म्हणून टेप बाळगतो. खरं कारण एकट्या काकूंना ठाऊक होतं.

"काय झालं विचारतेय मी," काकू म्हणाल्या.

"सुईवरून वर बघितल्यावर तुला काय काय दिसलं? अगदी ओळीने सांग."

"डोक्यावर परिणाम झालाय का?"

"सांग तर."

काकूंनी सुई सुयांच्या छोट्या गादीत खोचली. कापडात आणि माणसांत काय बिघडलंय हे त्यांना लवकर कळतं. "आधी कुणीतरी आहे एवढंच दिसलं. मग तुम्ही वाटलात. मग पुन्हा हललात, एकदम नाहीच वाटलात. आणि मग तुम्हीच निघालात. त्यात नवीन काय? माणूस एका फटक्यात थोडाच दिसतो?"

"नाही दिसत," काका म्हणाले, आणि गेल्या चार दिवसांत पहिल्यांदाच दोन कप चहा मागून घेऊन प्याले.

शुक्रवारी सकाळी ते एडिटरबाईंच्या आधी जाऊन बसले होते. बाईंनी चष्मा शोधून होईपर्यंत त्यांनी कागदावर मजकूर लिहून ठेवला होता. बाईंनी तो वाचला, पुन्हा वाचला.

"काका, ही चूक आहे. तुम्ही चूक लिहून दिलीये."

"हो. माझी आहे. चांगली ओळखीची आहे."

कागदावर असं होतं: टेबल धूसर होतं. मुलीचा चेहरा जवळजवळ स्पष्ट होतो. क्षणभर पुन्हा मऊ, धूसर होतो, जणू नजर तिच्यावरून पुढे गेली. मग सावकाश परत येतो, स्पष्ट होतो आणि तसाच राहतो.

बाईंनी ते यंत्राला दिलं. पहिल्या खेपेला मुलगी तीनदा धूसर झाली, जणू दारात धुकं शिरलं. दुसऱ्या खेपेला काहीच चुकलं नाही. यंत्राने काकांची चूक सुधारून टाकली होती.

"बघा," काका म्हणाले, "माझ्याच हाताला हे जमलं होतं. याला अजून शिकायचंय."

"'जणू नजर पुढे गेली' हे काढून टाकू," बाई म्हणाल्या. "त्याला 'जणू' कळेलच असं नाही. डोळ्याला जे दिसतं तेवढंच ठेवू. आणि वेळही ओळीने घालू. दुसऱ्या सेकंदाला हे, तिसऱ्याला ते."

आठव्या, नवव्या खेपेला जवळपास आलं. अकराव्या खेपेला हात टेबलावरून यंत्र घेऊन गेला, मुलगी उमटली, निसटली, आणि परत आली. अर्धा सेकंद. काकांनी घड्याळ लावलं नाही. तो अर्धा सेकंद त्यांना कुणी मोजून द्यायची गरज नव्हती.

साहेब मागून येऊन उभे राहिले होते. "अहो, इथे हुकलंय," ते म्हणाले. "फोकस हुकलाय! हे दाखवणार मॅडमना? कालचं स्वच्छ आहे ते द्या. निदान काम नीट केलं एवढं तरी म्हणतील."

"साहेब," काका म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं मी हुकलेला फोकस ओळखतो. हा हुकलेला नाही. हा शोधतोय."

"मॅडमना कसं कळणार तो शोधतोय की हुकलाय?"

याचं उत्तर एडिटरबाईंकडे होतं. "दोन्ही दाखवू. आधी कालचं, मग हे. आणि काही बोलायचं नाही. साहेब, तुम्ही तर नाहीच."

चार वाजता मॅडम आल्या. पन्नाशीच्या, हातात जड पर्स, चालण्यात घाई. लिफ्टमधून निघताना दोन इंचांना अडखळल्या. कालचं पाहिलं, मान हलवली. मग दुसरं लावलं. दिवाणखाना, खिडकी, म्हातारे गृहस्थ, मग टेबल, हात, दारातली मुलगी. उमटली. निसटली. परत आली.

साहेबांनी स्टेपलर हातात घेतला. बाईंनी तो हळूच काढून घेतला.

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या.

पुन्हा लावलं.

"हेच," त्या म्हणाल्या. त्यांनी पर्समधून रुमाल शोधून काढला. "आम्ही हाक मारली, तर बाबांनी आधी भिंतीकडे बघितलं. मग आईकडे. मग माझ्याकडे. ते शोधत होते, आवाज कुठून येतोय ते. हे कुणी केलं?"

अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका काळोख्या सभागृहात विचारलेला प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा आला. काकांचा हात खिशाकडे गेला. या वेळी ते उठून उभे राहिले.

"माझा हात," ते म्हणाले. मग एडिटरबाईंकडे पाहून त्यांनी दुरुस्ती केली. "म्हणजे माझी चूक आणि यांचं लिखाण."

पुढच्या सोमवारी लहान खोलीत दुसरी खुर्ची आली. चाकाची, कारण बोळातल्या प्रयोगांची बाईंना गोडी लागली होती. साहेबांनी दारावर काकांच्या हुद्द्याची पाटी लावायचं ठरवलं, पण हुद्दा काय लिहायचा यावर तिघांचं एकमत होईना, म्हणून पाटी अजून कोरीच आहे. काकांनी ती लावायची उंची मात्र मोजून ठेवली आहे.

निकालाच्या त्या शुक्रवारी काका घरी आले तेव्हा काकू मशीनवर होत्या. त्यांनी वर पाहिलं, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "थांबा, दिसू द्या." आणि नजर स्थिर होताच, "पास झालात!"

"कशावरून?"

"खांदा अठरा भरतोय आज," काकू म्हणाल्या. "आता सोमवारपासून दिवसभर मी एकटी. काय शांतता असेल घरात!" आणि त्यांनी इतक्या जोरात मशीन सुरू केलं की पुढे काका जे काही म्हणाले ते कुणालाच ऐकू आलं नाही.